सर्व हळकुंडे पेढे आहेत: वर्तुळं बरोबर काढली तरी निष्कर्ष चुकतोय

बेदाणा_तासगाव

ग्रामीण बँकेची पूर्व परीक्षा मराठीतून देणार आहे. विधाने-निष्कर्षाच्या प्रश्नांत प्रत्येक विधानाची वर्तुळं काढतो. चित्र विधानांशी जुळतं, तरी उत्तर तालिकेशी जुळत नाही. एक नमुना देतो.

विधाने:
सर्व हळकुंडे पेढे आहेत.
काही पेढे कंदील आहेत.
एकही कंदील घोंगडी नाही.

निष्कर्ष:
१. काही हळकुंडे कंदील आहेत.
२. काही पेढे घोंगड्या नाहीत.
३. एकही हळकुंड कंदील नाही.
४. सर्व हळकुंडे घोंगड्या असण्याची शक्यता आहे.

माझं चित्र असं: पेढ्यांचं मोठं वर्तुळ, त्याच्या आत डावीकडे हळकुंडांचं छोटं. पेढ्यांची उजवी कड छेदून कंदिलांचं वर्तुळ. घोंगड्यांचं वर्तुळ कागदाच्या पार उजव्या टोकाला, कुणालाच न शिवणारं. हळकुंडं आणि कंदील चित्रात एकमेकांपासून लांब आहेत, म्हणून तिसरा बरोबर धरला. दुसरा बरोबर. चौथा चूक, कारण हळकुंडं एका टोकाला आणि घोंगड्या दुसऱ्या टोकाला.

तालिका म्हणते: दुसरा आणि चौथा बरोबर, शिवाय 'पहिला किंवा तिसरा'. चित्रात नेमकं कुठे चुकलं?

मिरजेची_तार

चित्रात जाऊच नकोस भावा. पहिला आणि तिसरा निष्कर्ष शेजारी ठेव. एकात 'काही', दुसऱ्यात 'एकही नाही', नावं तीच. ही जोडी दिसली की 'किंवा' टिक करायचं आणि पुढे सरकायचं. पाच सेकंदांचं काम आहे.

संगममाहुली

तार, जोडी ओळखलीस ते बरोबर, पण 'दिसली की टिक' हे अर्धंच आहे. त्याकडे नंतर येतो. आधी मूळ प्रश्न.

बेदाणा, तुझं चित्र चुकलेलं नाही. तिन्ही विधानांना ते चालतं. चूक ते वाचताना झाली आहे. विधानांनी जे सांगितलंच नाही, तेही तुझ्या चित्रात उमटलं आणि तू ते पुरावा म्हणून धरलंस. कागदावर दोन वर्तुळं काढायची तर ती कुठेतरी ठेवावीच लागतात. एकमेकांवर आलेली ठेव किंवा लांब ठेव, तिसरा पर्याय नाही. पण हळकुंडं आणि कंदील यांच्या नात्याबद्दल तिन्ही विधानं गप्प आहेत. ती लांब ठेवायचं तू ठरवलंस, विधानांनी नाही.

म्हणून चित्र झालं की त्यातल्या प्रत्येक रेषेला विचारायचं: ही मला विधानाने दिली की मी सोयीसाठी मारली? विधानाने दिलेली रेष पक्की. बाकीची वर्तुळं सरकवता येतात, फुगवता येतात, आकसता येतात. तुझ्या चित्रात पक्क्या गोष्टी तीनच आहेत. हळकुंडं पेढ्यांच्या बाहेर जाऊ शकत नाहीत. पेढे आणि कंदील यांचा छेद रिकामा नाही. कंदील आणि घोंगड्या एकमेकांना शिवत नाहीत. एवढं सांभाळून बाकी काहीही हलवायला मोकळा आहेस.

आता निष्कर्ष तपासू. निश्चित निष्कर्ष असेल तर तो खोटा ठरेल असं एक तरी चित्र काढता येतं का बघायचं. एक जरी निघालं तरी निष्कर्ष बाद.

पहिला, 'काही हळकुंडे कंदील आहेत': तुझ्याच चित्रात तो खोटा आहे. बाद.

तिसरा, 'एकही हळकुंड कंदील नाही': हळकुंडांचं वर्तुळ पेढ्यांच्या आतच ठेवून उजवीकडे ढकल, कंदिलांच्या भागात शिरेपर्यंत. कुठलं विधान मोडलं? एकही नाही. आणि निष्कर्ष खोटा झाला. बाद.

दुसरा, 'काही पेढे घोंगड्या नाहीत': तो पाडायचा तर सगळे पेढे घोंगड्यांत घालावे लागतील. घोंगड्यांचं वर्तुळ फुगवत आण पेढ्यांवर. सगळा भाग व्यापता येईल, पण जिथे पेढे आणि कंदील एकत्र आहेत तिथे अडेल, कारण कंदिलाला घोंगडी शिवू शकत नाही. तो तुकडा रिकामा नाही आणि घोंगडीच्या हाती तो लागतही नाही. निष्कर्ष पडत नाही, म्हणजे बरोबर.

चौथ्यात 'शक्यता' आहे, तिथे प्रश्न उलटा होतो. पाडायचं नाही, उभं करायचं. खरं ठरणारं एक चित्र निघालं की झालं. तुझ्या चित्रात हळकुंडं कंदिलांपासून लांब आहेतच. घोंगड्यांचं वर्तुळ उचलून हळकुंडांवर ठेव, पूर्ण झाकून. घोंगड्या पेढ्यांत शिरल्या, त्याला कुणाची मनाई नव्हती. कंदिलांना त्या शिवत नाहीत. तिन्ही विधानं शाबूत. शक्यता आहे.

ताडून बघायला एक बदल कर. चौथ्यात हळकुंडांऐवजी पेढे घाल: 'सर्व पेढे घोंगड्या असण्याची शक्यता आहे.' ते उभं राहणार नाही, कारण कंदील असलेले पेढे आडवे येतात. हाच अडथळा दुसऱ्या निष्कर्षात भेटला होता. 'काही पेढे घोंगड्या नाहीत' पक्कं असेल तर 'सर्व पेढे घोंगड्या' याची शक्यता आपोआप मेली.

बेदाणा_तासगाव

सर, शक्यतेचं आता कळलं. मी सगळे निष्कर्ष एकाच चित्रावर तपासत होतो. पण पहिला बाद, तिसरा बाद, आणि तरी 'पहिला किंवा तिसरा' बरोबर? दोन खोटी नाणी मिळून एक खरं कसं होतं?

संगममाहुली

खोटी नाहीत ती. 'बाद' म्हणजे 'निश्चित नाही', 'खोटं' नाही. हा फरक सुटला की किंवा कधीच पचत नाही.

कराडचा_प्रीतिसंगम

माझाही वर्तुळाचाच प्रश्न अडला आहे, म्हणून इथेच विचारतो. ७० मुलांपैकी ४५ चहा पितात, ३८ कॉफी पितात, प्रत्येक जण दोन्हींपैकी काहीतरी पितोच. दोन्ही पिणारे किती? वर कुणी आकडे घातलेले दिसले नाहीत. तुम्ही वर्तुळात संख्या लिहीतच नाही का?

संगममाहुली

हा प्रकार वेगळा आहे, प्रीतिसंगम. तुमच्या प्रश्नात वर्तुळातल्या प्रत्येक भागात किती जण ते मोजायचं असतं. ४५ आणि ३८ मिळून ८३, मुलं ७०, म्हणजे १३ जण दोनदा मोजले गेले. तेच दोन्ही पिणारे. इथे मात्र आकडा नसतोच. 'काही' म्हणजे निदान एक, वरची मर्यादा नाही. 'काही पेढे कंदील आहेत' हे सगळे पेढे कंदील असतानाही खरंच राहतं. 'काही' म्हटलं की निम्मे-अर्धे समजून वर्तुळं बरोबर मध्यावर छेदली जातात, आणि तिथूनही चुका होतात.

कराडचा_प्रीतिसंगम

१३ बरोबर आहे. पण 'काही' मध्ये 'सर्व' येऊ शकतं हे पटायला जड जातं. "काही मुलं आली" म्हटल्यावर सगळी आली असं कोण समजतं?

वाईचा_घाट

बोलण्यात कुणी समजत नाही, प्रीतिसंगम दादा, खरं आहे. पेपरमध्ये समजावं लागतं. वर्गात या प्रश्नांत मुलं आधी मराठीत अडखळतात, वर्तुळं नंतर येतात. त्याबद्दल थोडं लिहिते, पण आधी 'किंवा'चं पूर्ण होऊ द्या.

औंधचा_वाचक

किंवा समजायला चित्राची पद्धत बदलून बघा. आपण एकात एक किंवा एकमेकांना छेदणारी वर्तुळं काढतो ती ऑयलरची रीत. एका जर्मन राजकन्येला लिहिलेल्या पत्रांत त्याने ती वापरली, पत्रं १७६८ पासून छापून आली. तिची अडचण वर सांगितलीच आहे: वर्तुळ ठेवताच निर्णय घ्यावा लागतो. जॉन वेनने १८८० मध्ये हे उलटं केलं. वर्तुळं नेहमी सारखीच काढायची, सगळी एकमेकांना छेदणारी. विधान काहीही असो, वर्तुळ हलत नाही. विधानाची नोंद खुणांनी करायची. जो भाग रिकामा, तिथे तिरप्या रेघा. जिथे निदान एक आहे, तिथे फुली. ज्याबद्दल काहीच माहीत नाही, तो भाग कोरा.

बेदाण्याचा प्रश्न करून दाखवतो. घोंगड्या बाजूला ठेवा, कारण पहिल्या आणि तिसऱ्या निष्कर्षात त्या नाहीत. ह, प, क अशी तीन वर्तुळं एकमेकांना छेदून काढा. आत सात कप्पे होतात.

'सर्व ह प आहेत' म्हणजे प च्या बाहेर ह नाही. ह मधले प च्या बाहेर पडणारे दोन कप्पे आहेत: एक निव्वळ ह चा, दुसरा ह आणि क चा पण प नसलेला. दोन्हींत रेघा मारा. दुसरा विसरतो, लक्ष ठेवा.

'काही प क आहेत' याला प आणि क च्या छेदात फुली हवी. पण त्या छेदाचे दोन तुकडे आहेत, कारण ह ची कड त्याच्या मधून जाते. एक तुकडा ह च्या आत, एक बाहेर. फुली कुठे? विधान सांगत नाही. म्हणून फुली ह च्या त्या कडेवरच मारायची, अर्धी आत अर्धी बाहेर. 'इकडे किंवा तिकडे, माहीत नाही' याची ती खूण.

आता ह आणि क चा छेद बघा. त्यातला प च्या बाहेरचा तुकडा रेघांनी गेला. उरला एकच कप्पा, मधोमधचा, तिघांचा. पहिला निष्कर्ष खरा व्हायला त्या कप्प्यात पूर्ण फुली हवी. नाही, कडेवर आहे. तिसरा खरा व्हायला त्या कप्प्यात रेघा हव्यात. त्याही नाहीत. दोन्ही निश्चित नाहीत. पण तो कप्पा एक तर रिकामा आहे किंवा रिकामा नाही. रिकामा असेल तर तिसरा खरा, नसेल तर पहिला. तालिकेतलं 'किंवा' ते हेच. दोन खोट्या नाण्यांचा यात संबंध नाही. एका न उघडलेल्या डबीबद्दल दोघे दोन गोष्टी सांगत आहेत, आणि त्यातली एक खरी असणारच.

एक सूचना. रेघा आधी, फुल्या नंतर. उलट केलं तर कडेवर मारायच्या फुलीचा एक तुकडा पुढच्या विधानाने बंद होतो आणि फुली आत सरकवायची राहून जाते.

बेदाणा_तासगाव

वहीत काढलं. कडेवरची फुली बघितल्यावर एकदम लख्ख झालं. माझ्या पहिल्या चित्रात मी ती फुली गुपचूप बाहेरच्या तुकड्यात टाकली होती.

संगममाहुली

बरोबर पकडलंस. आता तार, तुझ्या जोडीबद्दल. 'काही' आणि 'एकही नाही' दिसले म्हणून किंवा होत नाही. कप्पा खरंच न उघडलेला आहे का ते बघावं लागतं. याच प्रश्नात दुसरं विधान 'सर्व पेढे कंदील आहेत' असं केलं तर काय होईल? हळकुंडं पेढ्यांत, पेढे कंदिलांत. 'काही हळकुंडे कंदील आहेत' सरळ खरं, 'एकही नाही' सरळ खोटं. जोडी तीच, नावं तीच, पण किंवा नाही. डोळे झाकून टिक केलंस तर पाव गुण वजा.

दुसरी जोडी 'सर्व' आणि 'काही नाहीत' यांची. तिथे नावांचा क्रमही पाळावा लागतो. 'सर्व हळकुंडे कंदील आहेत' याची जोडी 'काही हळकुंडे कंदील नाहीत' हीच. 'काही कंदील हळकुंडे नाहीत' ही नव्हे. कंदील हळकुंडांच्या आत पूर्ण मावले आणि काही हळकुंडं बाहेर उरली, तर 'सर्व हळकुंडे कंदील' खोटं आणि 'काही कंदील हळकुंडे नाहीत' हेही खोटं. दोन्ही एकदम खोटी पडू शकतात, मग किंवा कसलं? 'काही' आणि 'एकही नाही' यांत क्रम उलटला तरी चालतं, कारण दोन्ही विधानं एकाच छेदाबद्दल बोलतात, मग ह आधी म्हणा की क आधी.

मिरजेची_तार

हे मान्य. पण एक व्यवहाराचं बोलू? त्या पेपरला ८० प्रश्न, ४५ मिनिटं. एका प्रश्नाला ३४ सेकंदसुद्धा येत नाहीत. त्यात तीन वर्तुळं, सात कप्पे, रेघा, फुल्या कोण काढणार? आणि चार नावं आली की चार वर्तुळं. तिथे तर कप्पेच मोजत बसावं लागेल.

औंधचा_वाचक

चार वर्तुळांनी ते होतच नाही. चार नावांना बाहेरचा धरून १६ कप्पे लागतात आणि चार गोल कसेही मांडले तरी कागदाचे १४ पेक्षा जास्त भाग पडत नाहीत. वेनलाही चारसाठी लंबगोल घ्यावे लागले. म्हणून तुझी तक्रार रास्त आहे.

संगममाहुली

परीक्षेच्या हॉलमध्ये ऑयलरचंच चित्र काढायचं. कच्चं, एकच, घाईत. वेनची रीत घरी ५०-६० प्रश्नांवर चालवा, म्हणजे कुठली रेष पक्की आणि कुठली सरकती हे नजरेला कळायला लागतं.

हॉलमधलं चित्र काढताना दोन गोष्टी पाळा. विधानं दिलेल्या क्रमाने काढू नका. आधी 'सर्व' आणि 'एकही नाही', मग 'काही'. 'काही' आधी काढलं की वर्तुळाची जागा ठरून जाते आणि पुढच्या 'सर्व'साठी खाडाखोड होते. आणि विधानाने दिलेली रेष सलग काढा, तुम्ही सोयीसाठी ठेवलेल्या वर्तुळाची कड तुटक. बेदाण्याच्या चित्रात घोंगड्यांची कंदिलाकडची कड सलग आली असती, बाकीची तुटक. तुटक कड दिसली की हात आपोआप 'ही हलेल का?' म्हणून थांबतो. चौथ्याचं उत्तर तिथेच सुटलं असतं.

निष्कर्ष तपासतानाही सगळं चित्र बघू नका. निष्कर्षात जी दोन नावं आहेत ती आणि त्यांना जोडणारं मधलं, एवढीच साखळी बघा. दुसऱ्या निष्कर्षाला पेढे, कंदील, घोंगड्या एवढे पुरतात. हळकुंडं झाकून टाका.

वाईचा_घाट

आता भाषेचं लिहिते. मराठी पेपरमध्ये तीन वाक्यं घोटाळा करतात.

'सर्व पेढे कंदील नाहीत.' याचा अर्थ काय? कुणी 'एकही पेढा कंदील नाही' असा घेतं, कुणी 'सगळेच काही कंदील नाहीत, थोडे असतीलही' असा. मराठीत दोन्ही अर्थ निघतात. बोलताना 'सर्व'वर जोर दिला तर दुसरा, सपाट वाचलं तर पहिला. कागदावर जोर दिसत नाही. पेपर दोन भाषांत असेल तर शेजारचं इंग्रजी वाक्य वाचा, तिथे 'नो' आहे की 'नॉट ऑल' ते बघा. फक्त मराठी असेल तर मी 'काही नाहीत' एवढंच धरा म्हणते, कारण जास्त धरण्यात धोका जास्त.

'फक्त पेढेच हळकुंडे आहेत.' हे वाचून मुलं पेढ्यांचं वर्तुळ हळकुंडांत घालतात, कारण पेढे आधी आले. अर्थ उलट आहे. हळकुंड व्हायचं तर पेढा असावंच लागतं, म्हणजे सर्व हळकुंडे पेढे. वर्तुळ हळकुंडांचं आत.

आणि 'च'. 'काही पेढेच कंदील आहेत' आणि 'काहीच पेढे कंदील नाहीत' यांत च ची जागा एक शब्द सरकली. दुसऱ्यात 'काहीच' आणि 'नाहीत' मिळून 'एकही नाही' असा अर्थ होतो. घाईत तो 'काही नाहीत' वाचला जातो.

बेदाणा_तासगाव

ताई, 'सर्व नाहीत' याचं सराव संचात मला दोन्ही प्रकारे उत्तर मिळालं आहे. तुमचा नियम लावला तर एका ठिकाणी तालिकेशी जमतं, दुसऱ्या ठिकाणी नाही.

वाईचा_घाट

जमणार नाही, कारण वाक्यच दुटप्पी आहे. प्रश्न काढणाऱ्याने 'एकही नाही' लिहायला हवं होतं. त्या एका गुणासाठी नियम बदलू नका.

विट्याचा_धोटा

बँकेच्या पेपरला हल्ली 'केवळ काही' फार येतं. ते साध्या 'काही'सारखंच काढायचं ना?

मिरजेची_तार

नाही. 'केवळ काही अ ब आहेत' म्हणजे दोन विधानं एकात. काही अ ब आहेत आणि काही अ ब नाहीत. त्यामुळे अ आणि ब मध्ये 'सर्व'ची शक्यता आली की चूक टिक करायची.

संगममाहुली

पहिला भाग शंभर टक्के. दुसऱ्यात पाय घसरला. 'सर्व अ ब असण्याची शक्यता' मेली, कारण ब च्या बाहेर एक अ नक्की आहे. पण 'सर्व ब अ असण्याची शक्यता' जिवंत आहे. ब चं छोटं वर्तुळ अ च्या आत ठेव, दोन्ही अटी पाळल्या जातात. बंदी अ वर आहे, ब वर नाही.

यावर एक प्रश्न घालतो, सगळ्यांनी करा.

केवळ काही ढेपा पोती आहेत.
सर्व पोती तराजू आहेत.
एकही तराजू नांगर नाही.

निष्कर्ष:
१. काही ढेपा नांगर नाहीत.
२. सर्व ढेपा तराजू असण्याची शक्यता आहे.
३. सर्व ढेपा नांगर असण्याची शक्यता आहे.
४. सर्व ढेपा तराजू आहेत.
५. काही ढेपा तराजू नाहीत.

विट्याचा_धोटा

पहिला बरोबर. ज्या ढेपा पोती आहेत त्या तराजूत आल्या, आणि तराजू नांगर नाहीत. त्याच ढेपांमुळे तिसरा चूक. दुसरा चूक, कारण केवळ काही म्हटलंय, म्हणजे काही ढेपा बाहेर राहणारच. म्हणून चौथा चूक, पाचवा बरोबर.

बेदाणा_तासगाव

पहिला आणि तिसरा माझाही तसाच. पण धोटा, दुसऱ्याला थांब. ढेपा बाहेर राहणार हे खरं, पण कशाच्या बाहेर? पोत्यांच्या. तराजूंच्या बाहेर असं कुणी सांगितलं? पोत्यांचं वर्तुळ तराजूच्या आत आहे. पोत्यांबाहेर पण तराजूच्या आत भरपूर जागा आहे, उरलेल्या ढेपा तिथे बसतात. तराजूची कड मी तुटक काढली होती, ती फुगवून ढेपा पूर्ण आत घेतल्या. काही मोडलं नाही. दुसरा बरोबर.

वेनच्या रितीने बघितलं तर दुसरी फुली ढेपांत, पोत्यांच्या बाहेर, आणि तराजूच्या कडेवर. म्हणून चौथा निश्चित नाही, पाचवाही निश्चित नाही. 'सर्व' आणि 'काही नाहीत', नावं त्याच क्रमाने. चौथा किंवा पाचवा.

संगममाहुली

पूर्ण बरोबर. धोटा, 'केवळ काही'ची बंदी ज्या दोन नावांत दिली तेवढ्यापुरतीच असते. ती तिसऱ्या नावावर नेता येत नाही.

विट्याचा_धोटा

पोत्यांची कड आणि तराजूची कड मी एकच समजलो. कळलं.

मिरजेची_तार

मग माझाही एक खडा. 'काही ह क आहेत' आणि 'काही ह क नाहीत' अशी जोडी आली, दोन्ही निश्चित नसतील, तर किंवा द्यायचं का? माझ्या टिपणात 'हो' आहे, मित्राच्या टिपणात 'नाही'.

औंधचा_वाचक

हे परीक्षेच्या एका गृहीतावर येऊन थांबतं. वेनच्या चित्रात 'सर्व ह प' म्हटलं तर फक्त रेघा पडतात, ह मध्ये कुणी आहे असं ते सांगत नाही. एकही हळकुंड नसलं तरी विधान खरंच. परीक्षेत मात्र प्रत्येक नावाचं निदान एक तरी आहे असं धरतात, म्हणून तिथे 'सर्व ह प' वरून 'काही ह प' बरोबर देतात. त्यासाठी ह च्या उरलेल्या भागात एक फुली आपण स्वतः टाकायची. बेदाण्याच्या पहिल्या प्रश्नात ती फुली क च्या कडेवर बसते. ती आत पडली तर 'काही ह क आहेत', बाहेर पडली तर 'काही ह क नाहीत'. म्हणजे निदान एक खरं होणारच. म्हणून मी किंवा देईन.

संगममाहुली

मी देणार नाही. ह मध्ये दहा हळकुंडं असतील तर चार आत आणि सहा बाहेर असू शकतात, मग दोन्ही एकदम खरी. 'एकही नाही' आणि 'काही' यांच्या जोडीत असं कधीच होत नाही, एक खरं की दुसरं खोटं. 'किंवा'चा पर्याय लिहिणाऱ्याला हीच कडक जोडी अभिप्रेत असते असं मी मानतो.

औंधचा_वाचक

तुम्ही किंवा 'दोघांपैकी एकच' असा घेताय, मी 'निदान एक'. पर्यायात नुसतं किंवा छापलेलं असतं.

मिरजेची_तार

मग मी टिक काय करू?

संगममाहुली

ज्या परीक्षेला बसणार आहेस तिच्या आधीच्या पेपरांत ही जोडी शोध आणि तिथे काय धरलं ते बघ. सराव संचांवर जाऊ नकोस.

बेदाणा_तासगाव

माझ्याकडच्या दोन जुन्या पेपरांत शोधलं. 'काही आहेत' आणि 'एकही नाही' तीनदा आलंय. ही जोडी एकदाच, आणि तिथे 'काही नाहीत' आधीच निश्चित होतं, म्हणून किंवाचा प्रश्नच आला नाही. कुणाकडे दोन्ही अनिश्चित असलेला नमुना असेल तर विधानांसकट टाका.